एकदाच ऐकलं तरी लक्षात राहील असा सारांश कसा लिहायचा?

पावसाळा सुरू झाला की गावाकडच्या ग्रुपवर एक पत्रक हमखास फिरतं. साप चावला तर काय करावं, याची माहिती त्यात असते. दोन पानं, बारीक अक्षर आणि त्याचाही मोबाइलवर काढलेला तिरका फोटो. ज्यांना ही माहिती सगळ्यात जास्त लागणार असते ते शेतात असतात, गोठ्यात असतात किंवा त्यांना चष्म्याशिवाय इतकं बारीक दिसत नाही. मग कुणीतरी चांगल्या मनाने ते पत्रक जसंच्या तसं वाचतं आणि चार-पाच मिनिटांची व्हॉइस नोट टाकतं. लोक ऐकायला लागतात आणि पहिल्या मिनिटातच पुढच्या मेसेजकडे वळतात. जे शेवटपर्यंत ऐकतात, त्यांनाही नंतर विचारलं तर नेमकं काय करायचं ते सांगता येत नाही.

दोष ऐकणाऱ्यांचा नसतो. जे लिखाण वाचण्यासाठी केलं होतं, ते फक्त मोठ्याने म्हटलं गेलं. ऐकण्यासाठीचा सारांश वेगळ्या पद्धतीने लिहावा लागतो. तो कसा लिहायचा, हे आपण याच सर्पदंशाच्या पत्रकावर समजून घेऊ.

वाचणं आणि ऐकणं यात नेमका फरक काय?

वाचताना आपले डोळे सतत मागे-पुढे जात असतात. एखादं वाक्य कळलं नाही तर आपण ते पुन्हा वाचतो. ठळक अक्षरातलं शीर्षक पाहून नको तो भाग सोडतो. मजकूर अजून किती उरला आहे, हेही एका नजरेत कळतं.

कानाला यातलं काहीच करता येत नाही. वाक्य एकदाच येतं आणि जातं. व्हॉइस नोट मागे नेता येते हे खरं, पण हात शेणाचे किंवा पिठाचे असताना ती कुणी मागे नेत नाही. शिवाय आवाजात ठळक अक्षर नसतं, परिच्छेद नसतो, कंस नसतो. बोलणाऱ्याकडे तीनच साधनं असतात: गोष्टी कुठल्या क्रमाने सांगायच्या, कुठे थांबायचं आणि काय पुन्हा सांगायचं.

त्यात आता आणखी एक अडचण आहे. व्हॉट्सॲपवर नोट दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकता येते आणि बरेच जण तशीच ऐकतात. वेग वाढला की तुमचे विरामही आखडतात. त्यामुळे लांब वाक्याचा शेवट आणि पुढच्या वाक्याची सुरुवात एकमेकांत मिसळते.

पत्रकातलं वाक्य कानावर कसं पडतं?

अशा पत्रकांमध्ये साधारण पुढच्यासारखं वाक्य असतं. हे आपण नमुना म्हणून तयार केलं आहे, पण त्याची धाटणी तुमच्या ओळखीची असेल.

"सर्पदंश झाल्यास दंशाच्या जागी ब्लेडने काप देणे, तोंडाने विष चोखणे, दंशाच्या वरच्या बाजूस दोरीने घट्ट आवळून बांधणे, बर्फ लावणे अथवा झाडपाल्याचा लेप देणे यांसारखे अघोरी उपाय करण्यात येऊ नयेत."

डोळ्यांनी वाचताना हे वाक्य ठीक वाटतं. आता डोळे मिटून ते कुणाकडून तरी वाचून घ्या. "सर्पदंश झाल्यास" असं ऐकलं की आता उपाय सांगणार, असं मन धरून चालतं. मग काप देणे, चोखणे, बांधणे, बर्फ, लेप अशी कृतींची यादी येते. तब्बल पाच कृती ऐकून झाल्यावर शेवटी कळतं, की हे सगळं करायचं नाही. तो शेवटचा "नयेत" ट्रॅक्टरच्या आवाजात बुडाला, किंवा ऐकणाऱ्याने मध्येच कुणाच्या तरी हाकेला ओ दिली, तर त्याच्याकडे उरते ती फक्त कृतींची यादी. म्हणजे पत्रकाने जे टाळायला सांगितलं, नेमकं तेच त्याच्या डोक्यात राहतं.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही त्याच्याबरोबर शेवटीच येतो. म्हणून मराठीत कानासाठी लिहिताना वाक्य छोटं ठेवणं हा निव्वळ शैलीचा प्रश्न राहत नाही. वाक्य जितकं लांब, तितका वेळ ऐकणाऱ्याला "करायचं की नाही करायचं" हे न कळता थांबावं लागतं.

पहिली पायरी: पत्रकाचा क्रम सोडा

पत्रक बहुधा आकडे आणि योजनांपासून सुरू होतं. सर्पदंशाच्या बाबतीत ती माहिती खरी आणि महत्त्वाचीही आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी सर्पदंशाच्या घटनांची नोंद सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक करावं, असंही राज्यांना सांगण्यात आलं. पत्रकात पुढे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांची ओळख येते. मग विषाचे प्रकार येतात, मग लक्षणं येतात. काय करायचं ते शेवटच्या परिच्छेदात सापडतं.

सारांश लिहायला बसताना पत्रक बाजूला ठेवा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे ऐकून झाल्यावर माणसाने काय करायला हवं? त्याचं उत्तर एका वाक्यात लिहा. इथे ते असं होईल: "साप चावला की लगेच सरकारी दवाखान्यात न्यायचं, कारण विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं." हे वाक्य तुमच्या व्हॉइस नोटच्या पहिल्या काही सेकंदांत आलं पाहिजे. कुणी तेवढंच ऐकून नोट बंद केली, तरी त्याचा उपयोग होतो.

त्यानंतर घटना ज्या क्रमाने घडते, त्या क्रमाने माहिती लावा. आधी माणूस शेतात आहे, मग तो गाडीत आहे, मग दवाखान्यात आहे. ऐकणारा तुमच्याबरोबर मनात तो प्रवास करतो, त्यामुळे पुढची पायरी आठवायला त्याला वेगळा ताण द्यावा लागत नाही.

जे या प्रवासात बसत नाही, ते सोडून द्या. आराखडा आणि नोंदणीचा नियम पहिल्यांदा गळतो. सापांची ओळखही गळते, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे मिळणारं इंजेक्शन या चारही सापांच्या विषावर चालतं. साप कोणता ते घरच्यांना ओळखता आलं नाही, तरी उपचार अडत नाहीत. मात्र वर्णन ऐकून लोक साप ओळखायला किंवा मारायला थांबले, तर वेळ जातो आणि दुसरा माणूसही चावला जाऊ शकतो.

अपवादांनाही इथे जागा नसते. समजा कुणी आधीच हात आवळून बांधला असेल, तर तो घरी झटक्यात सोडू नये, दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावा, अशी सूचना पत्रकात असते. सूचना बरोबर आहे. पण "बांधायचं नाही" आणि "बांधलं असेल तर सोडायचं नाही" ही दोन वाक्यं एकापाठोपाठ ऐकली की गोंधळ होतो. असा अपवाद नोटच्या खाली लिखित मेसेजमध्ये टाका. तिथे तो सावकाश वाचता येतो.

दुसरी पायरी: एका वाक्यात एकच काम

आता वरचं लांब वाक्य कानासाठी फोडू. सोपा नियम असा, की एका वाक्यात एकच क्रियापद आणि एकच काम. वाक्य एका श्वासात सहज म्हणता आलं पाहिजे. साधारण दहा शब्दांच्या पुढे गेलं की ते कुठे तोडता येईल ते पाहा.

सरकारी भाषेतली कर्मणी वाक्यं आधी बदला. "रुग्णास चालवत नेण्यात येऊ नये" यात कोण कुणाला सांगतंय तेच कळत नाही. "त्याला उचलून न्या" हे लगेच कळतं. "दंश", "रुग्ण", "तत्काळ", "अथवा" या शब्दांऐवजी "चावा", "माणूस", "लगेच", "किंवा" हे शब्द वापरा. बोलताना तुम्ही जो शब्द वापरत नाही, तो स्क्रिप्टमध्येही नको.

नकाराचं काय करायचं? शक्य असेल तिथे मनाईऐवजी करायची गोष्ट सांगा. "त्याला चालवू नका" याऐवजी "उचलून न्या". "हात हलवू नका" याऐवजी "हात स्थिर ठेवा". दुसऱ्या रूपात शेवटचा शब्द नीट ऐकू आला नाही, तरी उलटा अर्थ निघत नाही. जिथे मनाई सांगावीच लागते, तिथे आधीच पाटी लावा: "आता टाळायच्या गोष्टी." मग प्रत्येक गोष्टीला तिचा स्वतःचा नकार द्या: "कापणं नाही. चोखणं नाही. आवळून बांधणं नाही." यादी तीच आहे, पण पहिल्या शब्दापासून दिशा स्पष्ट आहे.

छोट्या वाक्यांचाही एक धोका असतो. सगळी वाक्यं तीन-तीन शब्दांची केली, तर ते हुकूम सोडल्यासारखं वाटतं आणि एका सूचनेचा दुसरीशी संबंध उरत नाही. "अंगठी काढा. हात स्थिर ठेवा." हे ऐकून अंगठी का काढायची ते कळत नाही आणि जे कळत नाही ते विसरलं जातं. म्हणून कारण जोडा, पण वेगळ्या वाक्यात: "अंगठी, बांगडी, घड्याळ काढा. कारण हात सुजतो." 'कारण', 'मग', 'पण', 'म्हणून' हे छोटे शब्द लिखाणात कधीकधी जास्तीचे वाटतात. ऐकताना मात्र वाक्यांना बांधून ठेवणारा धागा तेच असतात.

आणि सर्वनामं जपून वापरा. "साप माणसाला चावला तर त्याला दूर करा" यात "त्याला" म्हणजे सापाला की माणसाला? वाचणारा मागे पाहून ठरवतो. ऐकणारा काहीतरी धरून पुढे जातो. इथे "माणसाला सापापासून दूर न्या" असं नाव घेऊनच सांगायचं. तोच शब्द पुन्हा आला म्हणून कानाला खटकत नाही.

तिसरी पायरी: वाटेवर पाट्या लावा

अनोळखी रस्त्यावर "पुढे वळण आहे" अशी पाटी असली की आपण सावध होतो. ऐकण्याच्या सारांशातही अशा पाट्या लागतात, कारण शीर्षकांचं काम त्यांनाच करायचं असतं. त्या तीन ठिकाणी लावाव्या लागतात.

पहिली पाटी सुरुवातीला: किती वेळ लागेल आणि किती भाग आहेत. "दोन मिनिटं ऐका. तीन भाग आहेत." वेळ सांगितली की ऐकणारा थांबायला तयार होतो. भागांची संख्या सांगितली की तो मनात तीन खुंट्या ठोकतो आणि पुढची माहिती त्यांवर टांगत जातो. खुंट्या तीनच बऱ्या, फार तर चार. सात मुद्दे आहेत असं म्हटलं, की चौथ्यापर्यंत पहिला निसटलेला असतो. मुद्दे सात असतील, तर त्यांना तीन भागांत बसवा.

दुसरी पाटी प्रत्येक वळणावर. नुसतं "दुसरं म्हणजे" पुरत नाही, कारण ऐकणाऱ्याचं मोजणं चुकलेलं असू शकतं. आकड्यासोबत भागाचं नाव घ्या: "दुसरा भाग. दवाखान्यात कसं न्यायचं." मध्येच लक्ष उडालेला माणूसही इथे परत येऊ शकतो. पाटीच्या आधी एक श्वासभर थांबा. परिच्छेद संपल्याचं कानाला तेवढ्यावरूनच कळतं.

तिसरी पाटी शेवटी: "पुन्हा एकदा थोडक्यात." आकाशवाणीच्या बातम्या ऐकत मोठं झालेल्यांना ही पद्धत माहीत आहे. ठळक बातम्या सुरुवातीला येतात आणि शेवटी त्या पुन्हा सांगितल्या जातात. जो उशिरा ऐकायला लागला त्यालाही मुख्य गोष्ट मिळते आणि ज्याने पहिल्यापासून ऐकलं त्याची उजळणी होते. मात्र शेवटी नवीन काही सांगायचं नाही.

लिखाणातल्या पाट्या मात्र काढून टाका. "वरील", "खालीलप्रमाणे", "सोबतच्या तक्त्यात", "अनुक्रमे" हे शब्द डोळ्यांसाठी आहेत. आवाजाला वर आणि खाली नसतं. "अनुक्रमे" तर ऐकणाऱ्याला दोन याद्या एकाच वेळी लक्षात ठेवायला लावतो.

आकडे, तारखा आणि संक्षेप

स्क्रिप्टमध्ये आकडा जसा उच्चारायचा तसाच लिहा. "१०८" असं लिहिलं, की वाचणारा अडखळतो: एकशे आठ म्हणायचं की एक-शून्य-आठ? लोक "एकशे आठ" म्हणतात, पण फोनवर दाबायचे आकडे वेगळे ऐकू आले तर चूक होत नाही. म्हणून एकदा तसं आणि एकदा असं, दोन्ही सांगा. "प्रा. आ. केंद्र" हा संक्षेप कागदावर चालतो, पण बोलताना "प्राथमिक आरोग्य केंद्र" किंवा गावात म्हणतात तसं "सरकारी दवाखाना" म्हणा.

मराठीतले मोठे आकडे कानाला आणखी अवघड जातात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट हे घाईत सारखेच वाटतात. नेमका आकडा गरजेचा नसेल, तर "साठच्या आसपास" म्हणा. दीड, अडीच, सव्वा, पाऊण हे आपले जुने शब्द कानासाठी फार सोयीचे आहेत. "४५ मिनिटे" पेक्षा "पाऊण तास" पटकन कळतं. नेमका आकडा लागणारच असेल, तर तो दोनदा सांगा आणि खाली लिहूनही टाका.

तारखेबाबत एक सवय लावून घ्या. व्हॉइस नोट पुढे पाठवली की ती कधी रेकॉर्ड झाली हे ऐकणाऱ्याला कळत नाही. "उद्या पाणी येणार नाही" ही नोट तीन दिवसांनी दुसऱ्या ग्रुपवर पोहोचली, की तिथले लोक भलत्याच दिवशी हंडे भरून ठेवतात. "आज", "उद्या", "येत्या सोमवारी" याऐवजी वार आणि तारीख दोन्ही सांगा.

आता पूर्ण स्क्रिप्ट

एखादी आशा सेविका ही नोट रेकॉर्ड करते आहे असं धरू. दोन पानी पत्रकाचा हा ऐकण्यासाठीचा सारांश:

"साप चावला तर काय करायचं, ते सांगते. दोन मिनिटं ऐका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी. साप चावला की माणसाला लगेच सरकारी दवाखान्यात न्या. विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं आणि ते मोफत असतं.

आता तीन भाग सांगते. जागेवर काय करायचं. दवाखान्यात कसं न्यायचं. आणि काय टाळायचं.

पहिला भाग. जागेवर काय करायचं. माणसाला सापापासून दूर न्या. आडवं झोपवा. धीर द्या. अंगठी, बांगडी, घड्याळ काढा. कारण हात सुजतो. मग चावलेला हात किंवा पाय स्थिर ठेवा. हाड मोडल्यावर फळी लावतो, तशी फळी किंवा काठी लावा. वरून कापड गुंडाळा. कापड सैल ठेवा. आत बोट गेलं पाहिजे. आणि किती वाजता चावला, ते लक्षात ठेवा. डॉक्टर विचारतील.

दुसरा भाग. दवाखान्यात कसं न्यायचं. एकशे आठला फोन लावा. एक, शून्य, आठ. गाडीला उशीर असेल, तर मिळेल त्या गाडीने निघा. माणसाला उचलून गाडीपर्यंत न्या. दुचाकी असेल, तर त्याला दोघांच्या मध्ये बसवा. निघतानाच दवाखान्यात फोन करा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का, ते विचारा.

तिसरा भाग. आता टाळायच्या गोष्टी. जखम कापणं नाही. चोखणं नाही. बर्फ किंवा झाडपाला लावणं नाही. दोरीने आवळून बांधणं नाही. मांत्रिकाकडे जाणं नाही, कारण त्यात वेळ जातो. साप शोधणं नाही. इंजेक्शन देण्यासाठी साप लागत नाही.

आणि एक सावधगिरी. चावा दुखत नसला, तरीही दवाखान्यात न्या. मण्यार चावली, तर बरेचदा दुखतच नाही.

पुन्हा एकदा थोडक्यात. हात-पाय स्थिर ठेवा. मिळेल ती गाडी पकडा. सरकारी दवाखाना गाठा."

या स्क्रिप्टमध्ये काय केलं आहे?

हा मजकूर साधारण दोनशे शब्दांचा आहे. निवांत वाचलं, तर मराठीत मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. पाट्यांच्या आधीचे विराम धरले, तर वेळ दोन मिनिटांच्या आसपास जातो. तुमचा वेग तुम्ही स्वतः मोजून घ्या: शंभर शब्द घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मग वेळेवरून शब्द ठरवा. शब्द जास्त झाले, तर मजकूर कापा. वाचण्याचा वेग वाढवून दोन मिनिटांत बसवलेला सारांश कुणाच्याच लक्षात राहत नाही.

"नका" हा शब्द या स्क्रिप्टमध्ये एकदाही आलेला नाही. पहिल्या दोन भागांत फक्त करायच्या गोष्टी आहेत. मनाई सगळी तिसऱ्या भागात, पाटी लावून आलेली आहे. "कापड गुंडाळा" आणि "आवळून बांधणं नाही" यांत गफलत होऊ शकते हे लक्षात घेऊन सैलपणाची खूण सांगितली: आत बोट गेलं पाहिजे. "घट्ट" किंवा "सैल" हे शब्द ज्याचे त्याने ठरवायचे असतात. बोट आत जातं की नाही, हे मात्र करून पाहता येतं.

मण्यारीबद्दलचं वाक्य तीन भागांत बसत नव्हतं, तरी ठेवलं. मण्यार बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चाव्याची खूण दिसत नाही आणि दुखतही नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात, आणि तोवर बरेच तास गेलेले असतात. "दुखत नाही म्हणजे बिनविषारी" हा समज जिवावर बेतू शकतो. सारांशात काय ठेवायचं याची कसोटी हीच आहे: ही गोष्ट गाळली, तर ऐकणारा काही चुकीचं करेल का? करणार असेल, तर ती ठेवा आणि तिला वेगळी पाटी द्या.

पाठवण्याआधीची परीक्षा

स्वतःच्या डोळ्यांनी तपासून उपयोग नाही, कारण डोळ्यांना सगळं बरोबरच दिसतं. नोट रेकॉर्ड करा आणि घरातल्या एखाद्या माणसाला ऐकवा. तो भाजी निवडत असेल किंवा भांडी घासत असेल तर उत्तम. दीडपट वेगाने, एकदाच ऐकवा. पाच मिनिटं जाऊ द्या. मग तीन प्रश्न विचारा: सगळ्यात आधी काय करशील? नंबर कोणता? काय करणार नाहीस?

उत्तरांवरून दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. पहिलं उत्तर चुकलं, तर मुख्य वाक्य उशिरा आलं आहे किंवा दुसऱ्या माहितीत दबलं आहे. नंबर चुकला, तर तो पुन्हा सांगायला हवा. "काहीतरी बांधायचं असतं ना?" असं उत्तर आलं, तर मनाईचं वाक्य उलटं पोहोचलं आहे. तो धोक्याचा इशारा समजा आणि ते वाक्य बदलूनच नोट पाठवा. आणि तुम्ही स्वतः वाचताना जिथे अडखळलात किंवा जिथे श्वास पुरला नाही, तिथे वाक्य तोडायचं राहून गेलं आहे.

आवाजाला मर्यादाही आहेत. तक्ता, पत्ता, अर्जाचे टप्पे, औषधाचं प्रमाण आणि तीन-चारपेक्षा जास्त आकडे कानाने सांभाळता येत नाहीत. त्यासाठी नोटच्या खाली चार ओळींचा मेसेज लिहा आणि नोटमध्ये सांगा: "नंबर खाली लिहिला आहे." मूळ पत्रकही सोबत ठेवा, म्हणजे ज्याला सगळं हवं आहे त्याला ते मिळेल. नोटचं काम एवढंच आहे, की रात्री दोन वाजता गोठ्यात कुणी ओरडलं, तर घरातल्या माणसाला फोन शोधून पत्रक उघडावं लागू नये. आधी काय करायचं, ते त्याला आठवलेलं असावं.